मायक्रोवेव्हमधले वाळलेले शिंतोडे आणि मागे रेंगाळणारा वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोवेव्हच्या छतावर वाळून बसलेली आमटी आणि दार उघडलं की नाकात जाणारा कालच्या माशांचा वास या दोनच तक्रारींबद्दल हे पान आहे. दोन्हींवर वाफ, म्हणजे वाडग्यात पाणी ठेवून ते मायक्रोवेव्हमध्येच उकळणं, हा पहिला उपाय आहे. पण बऱ्याच घरांत पाणी उकळलं की काम झालं असं समजून लगेच फडकं हातात घेतलं जातं आणि मग वाफेचा काही उपयोग नाही असं म्हटलं जातं. म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

## वाफेने नेमकं काय होतं? ओल्या फडक्याने घासून का निघत नाही?

इडलीच्या पिठाचं पातेलं रात्रभर तसंच राहिलं तर सकाळी आपण ते घासत बसत नाही, आधी पाणी घालून भिजत ठेवतो. वाळलेल्या पिठात पाणी मुरायला वेळ लागतो आणि ते एकदा मुरलं की बोटानेही निघतं. मायक्रोवेव्हच्या भिंतीवर बसलेला डाग तसाच असतो. वरणाची डाळ, ग्रेव्हीतलं पीठ, दुधाची साय यांतलं पाणी उडून गेलेलं असतं आणि उरलेला कडक थर फोडणीच्या तेलासकट रंगाला चिकटलेला असतो.

अडचण एवढीच की छत आणि भिंती भिजत घालता येत नाहीत. ते काम वाफ करते. गरम वाफ तुलनेने थंड भिंतीला लागली की तिचं पाणी होतं आणि ते होताना ती आपली उष्णता भिंतीला देऊन टाकते. ही उष्णता थोडीथोडकी नाही. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड झालं तर एक कॅलरी बाहेर पडते, पण एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं तर सुमारे ५४० कॅलरी बाहेर पडतात. त्यामुळे डागाला एकाच वेळी ओल मिळते आणि ऊबही. ओलीने डाळीचा थर फुगतो, उबेने तूप-तेल पातळ होतं.

कोरड्या डागावर जोर लावून घासलं तर डागाआधी आतला रंग निघतो. रंग गेला की खालचा पत्रा उघडा पडतो, गंजतो, आणि तिथून ठिणग्या उडायला सुरुवात होते.

## पाणी किती, वेळ किती, भांडं कोणतं?

दीड वाटी, म्हणजे साधारण ३०० मिली पाणी पुरतं. अर्धी वाटी घेतलं तर ते उकळून आटायची वेळ येते आणि लिटरभर घेतलं तर सगळा वेळ ते तापण्यातच जातो.

भांडं पसरट तोंडाचं आणि ३०० मिली पाणी घातल्यावर अर्ध्याहून जास्त रिकामं राहील एवढं मोठं घ्या. मायक्रोवेव्हमध्ये चालणारा काचेचा वाडगा उत्तम. चिनी मातीचा बोलही चालतो, फक्त त्याला सोनेरी किंवा चंदेरी कड नको. स्टीलची वाटी अजिबात नको.

वेळ तुमच्या यंत्राच्या ताकदीवर ठरते. मागच्या किंवा बाजूच्या स्टिकरवर दोन आकडे असतात: यंत्र वीज किती खेचतं तो मोठा आकडा आणि अन्नाला किती देतं तो लहान. लहान आकडा बघा. तो ८०० वॅट असेल तर नळाचं ३०० मिली पाणी पूर्ण पॉवरवर साधारण अडीच मिनिटांत उकळतं. त्यानंतर आणखी दोन-अडीच मिनिटं उकळत ठेवायचं, म्हणजे एकूण ५ मिनिटं. ७०० वॅटला मिनिटभर वाढवा, ९०० ला अर्धं मिनिट कमी करा. घड्याळापेक्षा दाराच्या काचेकडे लक्ष ठेवलेलं बरं. काच आतून पूर्ण धुरकट झाली आणि तिच्यावरून थेंब ओघळायला लागले की वाफ पुरेशी झाली.

काचेची फिरती थाळी आतच राहू द्या. थाळी काढून ठेवली तर वाडगा नीट बसत नाही आणि तळ उगाच ओला होतो.

## पाणी उकळल्यावर लगेच पुसायला घेतलं तर?

तर निम्मं काम वाया जातं. आमच्या मते या सगळ्या कृतीत सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट हीच.

मायक्रोवेव्ह चालू असताना त्याचा पंखा चालू असतो. तो आतली हवा जाळीतून बाहेर ढकलत राहतो आणि हवेबरोबर वाफही जाते. शेवटच्या दोन-अडीच मिनिटांत सुमारे ४०-५० मिली पाण्याची वाफ होते आणि तिच्यातली बरीच बाहेर पडते. यंत्र थांबलं, पंखा थांबला की आत राहिलेली वाफ भिंतींवर उतरायला लागते, आणि गरम पाण्यातून नवी वाफ निघतच असते. डाग खरा भिजतो तो या वेळात.

म्हणून यंत्र बंद झाल्यावर दार न उघडता १० मिनिटं थांबा. डाग दोन-तीन आठवड्यांचा असेल तर १५. मध्येच डोकावून बघायचा मोह टाळा, कारण दार एकदा उघडलं की गरम ओलसर हवा क्षणात बाहेर पडते आणि जमवलेलं सगळं जातं.

उलट अर्धा तास थांबण्यातही अर्थ नाही. भिंती गार झाल्या की तूप-तेल पुन्हा थिजतं. वाडगा हाताला सोसेल इतपत गरम असताना पुसायला घ्यायचं.

## मायक्रोवेव्हमधलं पाणी अंगावर उसळतं म्हणतात. ते खरं आहे का?

खरं आहे. गॅसवर पाणी तळापासून तापतं, बुडबुडे येतात, आपल्याला उकळी दिसते. मायक्रोवेव्हमध्ये गुळगुळीत, स्वच्छ काचेच्या भांड्यात बुडबुडा धरायला जागाच नसते. पाणी १०० अंशांच्या वर जातं तरी शांत दिसतं, आणि भांडं हलवलं किंवा त्यात चमचा घातला की एकदम उसळतं. हात आणि चेहरा भाजण्याइतकं.

उपाय सोपा आहे. पाण्यात सुरुवातीपासूनच आइस्क्रीमची लाकडी काडी किंवा छोटा लाकडी चमचा ठेवा. लिंबाच्या फोडी घातल्या असतील तर त्याही हेच काम करतात. एकदा उकळून गार झालेलं पाणी पुन्हा वापरू नका, ताजं घ्या. दहा मिनिटं दार बंद ठेवण्याचा इथेही फायदा होतो, कारण तोवर पाणी उकळीच्या खाली आलेलं असतं.

## पुसताना सुरुवात कुठून करायची?

आधी प्लग काढा. मग वाडगा फडक्याने धरून बाहेर घ्या, पण त्यातलं पाणी फेकू नका, तेच पुसायला वापरायचं आहे. थाळी आणि तिच्या खालची चाकांची रिंग काढून सिंकजवळ ठेवा. थाळी गरम असेल तर तिच्यावर लगेच गार पाणी सोडू नका, तडा जातो.

आता छत. वरचे थेंब खाली पडणारच, म्हणून छत आधी, मग मागची भिंत, मग बाजू, मग दार आणि शेवटी तळ. सुती फडकं वाडग्यातल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या. पाणी ठिबकता कामा नये, कारण भिंतींवर हवेच्या जाळ्या असतात आणि त्यांच्या मागे विजेचे भाग असतात.

छत हा भाग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तोच राहतो. मान वाकवून मोबाइलचा टॉर्च आत मारा. पुसलंय असं वाटलेल्या छतावर मोहरीएवढे पिवळे ठिपके दिसतात. बोट फिरवून बघितलं की खरखरीत लागतात. हे ठिपके पुढच्या वेळी यंत्र चालू झालं की पुन्हा तापतात आणि घरात जुन्या फोडणीचा वास सुटतो.

एखादा डाग निघत नसेल तर त्यावर ओलं फडकं दोन मिनिटं नुसतं दाबून धरा. तरी नाही निघाला तर वाफेची दुसरी फेरी करा. नखाने किंवा चमच्याने खरवडू नका. प्लॅस्टिकचं जुनं एटीएम कार्ड आडवं धरून हलकेच सरकवलं तर चालतं.

शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने एक हात, मग कोरड्याने एक हात. लिंबू किंवा व्हिनेगर वापरलं असेल तर हा साध्या पाण्याचा हात अजिबात चुकवू नका. आंबट ओल कोपऱ्यात राहिली तर रंग उडालेल्या जागी गंज लवकर धरतो.

## लिंबू, व्हिनेगर की खाण्याचा सोडा?

नुसत्या शिंतोड्यांसाठी साधं पाणीही पुरतं. बाकीच्यांचा उपयोग वास आणि तेलकटपणासाठी.

लिंबू घ्यायचं तर एक पूर्ण घ्या, अर्धं करून रस पाण्यात पिळा आणि सालंही त्यातच टाका. सालीत जे तेल असतं ते तेलकट थर सैल करायला थोडी मदत करतं. व्हिनेगर घ्यायचं तर ३०० मिली पाण्याला दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर पुरे. ते लिंबापेक्षा स्वस्त पडतं, पण त्याचा स्वतःचा वास जायला दार तासभर उघडं ठेवावं लागतं.

सोडा वाफेच्या पाण्यात घालण्यात फारसा अर्थ नाही, कारण तो वाफेबरोबर वर जात नाही, वाडग्यातच राहतो. त्याची जागा वेगळी आहे. तीन चमचे सोड्यात एक चमचा पाणी घालून जाडसर लेप करा आणि वाफेनंतरही उरलेल्या हट्टी डागावर १० मिनिटं लावून ठेवा, मग ओल्या फडक्याने पुसा. पांढरट राप राहतो, तो निघेपर्यंत दोन-तीनदा पुसावं लागतं.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र घातले की जोरात फसफसतं आणि काहीतरी जबरदस्त चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि मागे जवळजवळ खारं पाणी उरतं. एकानंतर एक वापरा, मध्ये साध्या पाण्याने पुसून.

## एखादं उदाहरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगाल का?

२० लिटरचा साधा, ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह धरू. छतावर आणि डाव्या भिंतीवर तूरडाळीच्या आमटीचे दोन आठवड्यांचे शिंतोडे आहेत. त्यातच कोणीतरी सुके बोंबील भाजून घेतले आहेत, त्यामुळे चहासाठी गरम केलेल्या दुधालाही वास लागतो.

पहिली फेरी: ३०० मिली पाणी, एका लिंबाचा रस आणि सालं, एक लाकडी काडी. पूर्ण पॉवरवर ५ मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला बोंबलाचा वास आधीपेक्षा जास्त येतो. घाबरू नका. भिंतीवरच्या तेलात अडकलेला वास उबेने सुटतोय, ते व्हायलाच हवं. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. यंत्र थांबल्यावर १५ मिनिटं दार बंद.

प्लग काढून छतापासून पुसायला सुरुवात करा. पहिल्या फडक्यावर पिवळा, दाणेदार चिखल येतो, तो डाळीचा. फडकं धुऊन दुसरा हात मारलात तर तपकिरी, चिकट रंग येतो, ते फोडणीचं तेल. हे तेल पाण्याने पूर्ण निघत नाही, म्हणून वाडग्यातल्या कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे तीन-चार थेंब टाकून तिसरा हात. मग साधं पाणी, मग कोरडं फडकं.

थाळी आणि रिंग लिक्विडने घासा. रिंगची चाकं एकेक करून बोटाने फिरवून बघा. एखादं अडकत असेल तर त्याच्या दांडीभोवती वाळलेलं खरकटं गुंडाळलेलं असतं, ते टूथपिकने काढा. थाळी चालताना खडखडते ती बहुतेक वेळा यामुळेच.

आता दार बंद करून पाच मिनिटांनी उघडा आणि वास घ्या. थोडा उरला असेल तर दुसरी फेरी फक्त लिंबूपाण्याची, या वेळी पुसणं दोन मिनिटांत होतं. मग दार तासभर उघडं. दार उघडं ठेवायचा वेळ सोडला तर एका फेरीचं सगळं मिळून पाऊण तासाचं काम, त्यातला जास्त वेळ वाट बघण्यात जातो.

## हळदीचा पिवळा डाग सोडा लावल्यावर लाल झाला. काही बिघडलं का?

नाही. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते. हळद आणि चुन्यापासून कुंकू करतात तीच ही गोष्ट. लिंबाचं पाणी लावलं की डाग पुन्हा पिवळा होतो. लाल असतानाच पुसून घेतला तर थोडा फिकाही होतो.

हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून वाफेने डाळ निघते पण पिवळी सावली राहते. तो रंग उन्हात मात्र टिकत नाही. रिंग किंवा प्लॅस्टिकचं झाकण पिवळं पडलं असेल तर धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. आतल्या भिंतीवरची सावली राहिली तरी तिचा वास येत नाही आणि काही नुकसानही नाही. तिच्यासाठी घासणी हातात घेण्यापेक्षा ती राहू दिलेली बरी.

## आमचा कन्व्हेक्शनचा आहे. मागच्या भिंतीवर तपकिरी, वार्निशसारखा थर आहे. वाफेने हलत नाही.

हा वेगळा डाग आहे. साध्या मायक्रोवेव्ह मोडमध्ये भिंती स्वतः फारशा तापत नाहीत, त्यामुळे डाग नुसता वाळलेला असतो. कन्व्हेक्शन किंवा ग्रिलवर भिंती २०० अंशांपर्यंत जातात आणि उडालेलं तेल त्यावर शिजत शिजत घट्ट होतं. जुन्या कढईच्या बाहेरच्या बाजूला जो काळसर थर बसतो, त्याच जातीचं हे. ते आता तेल राहिलेलं नसतं, त्यामुळे पाण्यात फुगतही नाही आणि उबेने पातळही होत नाही.

आधी वाफ देऊन वरचं खरकटं काढा. मग सोड्याचा लेप लावून त्यावर ओलं फडकं चिकटवून अर्धा तास ठेवा, म्हणजे लेप वाळत नाही. मऊ स्पंजने पुसा, आणि हे दोन-तीन दिवस रोज एकदा करा. दर वेळी थोडा थोडा फिका होत जातो. आत स्टीलच्या भिंती असतील तर बराच निघतो. रंगाच्या किंवा इनॅमलच्या असतील तर काही सावली राहील हे धरून चाला. पंख्यासमोरच्या भोकांच्या पत्र्यावर लेप लावू नका, भोकांतून आत गेलेला सोडा काढता येत नाही. वरच्या ग्रिलच्या कांडीलाही सोडा किंवा साबण लावू नका, पूर्ण गार झाल्यावर फक्त ओल्या फडक्याने पुसा.

## आत उजव्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा चौकोनी तुकडा आहे. तो काढून धुवायचा का?

धुवायचा नाही. तो पुठ्ठा नसून अभ्रकाचा पातळ पत्रा असतो, दुकानात त्याला माइका शीट म्हणतात. त्याच्या मागच्या वाटेने अन्न तापवणाऱ्या लहरी आत येतात, आणि अन्नाची वाफ व तेल त्या वाटेत जाऊ नये म्हणून हा पडदा लावलेला असतो. पिळलेल्या फडक्याने हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घासला तर त्याचे पापुद्रे सुटतात.

त्याच्यावर तेलाचा शिंतोडा बसून राहिला तर तो लहरींच्या तोंडाशीच असल्यामुळे दर वेळी तापतो आणि शेवटी जळून कोळसा होतो. कोळसा वीज वाहून नेतो. मग त्या ठिकाणी चटचट आवाज येतो, निळसर-पिवळ्या ठिणग्या दिसतात आणि ठिपक्याचं भोक होतं. असं दिसलं तर यंत्र तिथेच बंद करा. पुसून चालवत राहिल्याने भोक वाढतं. नवी शीट सुट्या भागांच्या दुकानात मिळते, जुन्या तुकड्यावर ठेवून मापाने कापून बसवतात. हे काम मेकॅनिककडून करून घ्या. बाहेरचं कव्हर तर घरी कधीच उघडू नका, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही जिवावर बेतेल एवढी वीज साठलेली असू शकते.

## सगळं चकचकीत झालं, तरी वास जात नाही. तो कुठून येतो?

जिथे फडकं पोचलं नाही तिथून. या क्रमाने शोधा.

थाळीखालचा खळगा आणि मधला फिरणारा तुकडा ही पहिली जागा. उतू गेलेलं दूध किंवा ग्रेव्ही तिथे साचते. तो तुकडा बहुतेक मॉडेलमध्ये नुसता ओढून निघतो, पण मॅन्युअलमध्ये बघून घ्या. दुसरी जागा दाराची कड. दार आणि चौकट जिथे टेकतात तिथल्या खाचेत तेलकट काळी रेघ दिसेल. कापसाची काडी कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून, पिळून, खाचेतून ओढत न्या, ती काळी होऊन येते. ही कड स्वच्छ ठेवायचं दुसरंही कारण आहे: दार नीट टेकलं तरच लहरी आत राहतात. तिसरी जागा हवेची जाळी. तिथे बाहेरून ओलसर टूथब्रश फिरवा, पाणी मारू नका. चौथी जागा माइका शीटची मागची बाजू, आणि तिच्यासाठी वर सांगितल्याप्रमाणे मेकॅनिक लागतो.

आणि झाकण. अन्नावर ठेवायचं प्लॅस्टिकचं झाकण आतच राहत असेल तर सगळा वास त्यालाच असू शकतो. ते दोन दिवस बाहेर ठेवून बघा.

## कोणत्या वासाला काय वापरायचं?

आपल्या भाषेत वासांना वेगवेगळे शब्द आहेत आणि इथे ते फार उपयोगी पडतात, कारण हिवस आणि आंबूस वासांवरचे उपाय नेमके उलटे आहेत.

हिवस वास, म्हणजे बांगडा, बोंबील, सुकट, कोळंबीचा. हा वास ज्या द्रव्यांचा असतो ती अल्कली जातीची असतात. आम्लाशी संयोग झाला की ती हवेत उडायची थांबतात आणि वास बसतो. तळलेल्या माशावर लिंबू पिळतो तेव्हा हेच होतं. म्हणून इथे लिंबू किंवा व्हिनेगरची वाफ. सोडा इथे चुकीचा, तो वास वाढवतो.

आंबूस वास उतू गेलेल्या दुधाचा किंवा विटलेल्या आमटीचा असतो, आणि तो आम्लांचा असतो. इथे सोडा. साध्या पाण्याच्या वाफेने पुसून घ्या, मग एका लिटर पाण्यात दोन चमचे सोडा विरघळवून त्याचा एक हात फिरवा. त्यानंतर पसरट बशीत चार-पाच चमचे कोरडा सोडा पसरून रात्रभर आत ठेवा. प्लग काढून ठेवा आणि दारावर चिठ्ठी लावा. सकाळी घाईत कोणी कोरड्या सोड्यावरच यंत्र चालू केलं तर ते रिकामं चालवल्यासारखंच होतं.

खवट वास म्हणजे जुनं तेल. तो शोषून घेत बसू नका. तेल काढलं की वास गेला, आणि तेल काढायला भांड्यांचं लिक्विड आणि कोमट पाणी हेच खरं औषध.

करपट वास सगळ्यात चिवट. शेंगदाणे भाजताना मिनिटभर जास्त गेलं, पापड किंवा पॉपकॉर्न जळला की धुराचा पिवळट, चिकट थर सगळीकडे बसतो, दाराच्या खाचेपासून जाळीपर्यंत. वाफेने तो ओला होतो, पण पाण्यात नीट विरघळत नाही. वाफेनंतर लगेच, भिंती उबदार असतानाच, साबणाच्या पाण्याचे दोन-तीन हात द्या आणि दर वेळी फडकं बदला. फडक्यावर पिवळा रंग यायचा थांबला की थांबा. मग प्लग काढून दार दिवसभर उघडं ठेवा. उरलेल्यासाठी वाटीभर ॲक्टिव्हेटेड चारकोल आत ठेवून दोन-तीन रात्री दार बंद. कॉफीची पूडही लोक ठेवतात, तिने वास जाण्यापेक्षा झाकला जास्त जातो.

कुबट वास ओल राहिल्याचा. पुसून लगेच दार लावलं की येतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, साफ केल्यावर दार दोन तास तरी उघडं हवं.

## आत सुकवायला दोन मिनिटं रिकामा चालवला तर चालेल?

मायक्रोवेव्ह मोडवर नाही. लहरी शोषायला आत काही नसलं की त्या परत फिरून, त्या तयार करणाऱ्या भागावर, म्हणजे मॅग्नेट्रॉनवर जातात आणि तो तापून खराब होतो. कन्व्हेक्शन असेल तर त्या मोडवर रिकामं प्रीहीट चालतं, १०० अंशांवर ५ मिनिटं पुरे. बटण दाबण्याआधी मोड दोनदा बघा.

## कोणत्या गोष्टी आत कधीच वापरू नयेत?

तारेची घासणी, कारण रंग जातोच, शिवाय तिची तुटलेली तार कोपऱ्यात राहिली तर ठिणगी उडते. ओव्हन क्लीनरचे कॉस्टिक स्प्रे. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर, ते एकमेकांत किंवा व्हिनेगरमध्ये मिसळले तर विषारी वायू निघतो. आणि कोरडा स्पंज आत ठेवून तापवणं, तो पेट घेतो.

## आमटीच इतकी का उडते? चहा तर उडत नाही.

चहा पातळ असतो, वाफेचा बुडबुडा सहज वर येतो. वरण, आमटी, पिठलं गार झाल्यावर घट्ट होतात. त्यात एखादी जागा आधी तापते, तिथे वाफ तयार होते, वरचा घट्ट थर तिला अडवतो आणि दाब वाढला की ती थर फोडून बाहेर येते. येताना डाळ छतावर नेते.

आमटीत गरम करण्याआधी दोन-तीन चमचे पाणी घालून ढवळा. पूर्ण पॉवरऐवजी मध्यम ठेवा, आणि एकदम तीन मिनिटांऐवजी एक-एक मिनिट करून मध्ये ढवळा. वर भोकांचं झाकण ठेवा, घट्ट झाकण नको. तरी चार शिंतोडे उडालेच तर आमटी ताटात वाढताना एक ओलं फडकं आतून फिरवा. डाग त्या वेळी गरम आणि ओला असतो, वाफेचं पाणी ठेवायचीही गरज पडत नाही.